१२० किलोवॅटचे चार्जिंग केंद्र आणि गल्लीतली डीपी

विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या जलद चार्जिंग केंद्रांचे दोन प्रकार पडतात. द्रुतगती मार्गावरच्या मोठ्या केंद्राला सहसा उच्चदाबाची जोडणी आणि स्वतःचे रोहित्र असते. त्याचा भार त्याच्यापुरता राहतो. शहरातल्या वस्तीत, पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात किंवा एखाद्या सभागृहाच्या वाहनतळावर उभे राहणारे छोटे केंद्र मात्र बहुधा लघुदाबावर चालते. महापालिका क्षेत्रात साधारण १५० किलोवॅटपर्यंतचा भार लघुदाबावर मिळू शकतो. म्हणजे असे केंद्र ज्या रोहित्रावर जोडले जाते, त्याच रोहित्रावर आजूबाजूची दोन-अडीचशे घरेही असतात. ज्याला लोक डीपी म्हणतात, त्या खांबांवरच्या किंवा जाळीच्या कुंपणातल्या यंत्राची क्षमता ही घरे डोळ्यासमोर ठेवून ठरलेली असते. प्रश्न उभा राहतो तो या दुसऱ्या प्रकारात.

एक उदाहरण घेऊन आकडे मांडले की प्रश्न नेमका किती मोठा आहे ते कळते. नागपुरातल्या एखाद्या वसाहतीत ३१५ केव्हीए क्षमतेचे रोहित्र आहे असे धरू. ते ११ हजार व्होल्टची वीज ४३३ व्होल्टवर आणते आणि पूर्ण भाराला प्रत्येक फेजमध्ये सुमारे ४२० अँपिअर प्रवाह देते. मे महिन्यात रात्री आठ ते अकरा या वेळात कूलर, एसी, पंखे आणि स्वयंपाकघरे मिळून त्यावरचा भार २५० केव्हीएपर्यंत जातो. क्षमतेच्या ७९ टक्के, म्हणजे तब्येत ठीक. आता त्याच रोहित्रावर ६० किलोवॅटचे दोन जलद चार्जर बसले. प्रत्येकाला दोन गन, म्हणजे एका वेळी चार गाड्या. चार्जरमध्ये एसीचे डीसी करताना पाचेक टक्के वीज उष्णतेत जाते. ते आणि पॉवर फॅक्टर धरून १२० किलोवॅटचे केंद्र रोहित्राकडून साधारण १३० केव्हीए ओढते. चारही गन चालू असताना एकूण भार ३८० केव्हीए होतो आणि प्रवाह ४२० ऐवजी ५०७ अँपिअर. क्षमतेच्या १२१ टक्के.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. भार २५० वरून ३८० वर गेला, म्हणजे दीडपट झाला. पण रोहित्राच्या वेटोळ्यांमध्ये निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे तारेतली उष्णता दीडपट नव्हे, जवळजवळ २.३ पट होते. रोहित्राला भार सोसवत नाही असे आपण म्हणतो तेव्हा त्याला खरे तर ही उष्णता सोसवत नसते.

ही उष्णता लगेच भिनत नाही. वेटोळी तेलात बुडालेली असतात. वेटोळ्यांचे तेलाच्या मानाने तापमान काही मिनिटांत वाढते, पण शेकडो लिटर तेल तापायला वेळ लागतो. अशा रोहित्रांसाठी आंतरराष्ट्रीय मानकात तेलाचा कालांक सुमारे तीन तास धरलेला आहे. म्हणजे भार वाढल्यावर तेल ज्या अंतिम तापमानाकडे निघालेले असते, त्यातले साधारण ६३ टक्के अंतर तीन तासांत कापले जाते. अर्ध्या तासाचा जादा भार रोहित्र निमूट झेलते. रात्री आठला सुरू होऊन अकरापर्यंत न उतरणारा भार त्याला झेपत नाही, कारण तोवर तेलाची उसंत संपलेली असते. त्यात मे महिन्यातली नागपूरची हवा रात्री नऊलाही ३५-३६ अंशांवर असते, म्हणजे थंड व्हायलाही वाव कमी.

वरच्या उदाहरणात नेहमीची मूल्ये धरून गणित केले, तर केवळ घरांच्या भाराला वेटोळ्यातल्या सर्वात गरम जागेचे तापमान ७९ अंशांच्या आसपास राहते. केंद्र पूर्ण क्षमतेने चालले तर तीन तासांनी ते १०७ अंशांवर जाते, आणि भार तसाच राहिला तर पुढे ११५ पर्यंत. वेटोळ्यांच्या तारेवर कागदाचे आवरण असते. साध्या कागदासाठी मानकातला हिशेब असा आहे की ९८ अंशांना तो ठरलेल्या वेगाने जीर्ण होतो आणि त्यावरच्या प्रत्येक ६ अंशांना हा वेग दुप्पट होतो. १०७ अंशांना वेग जवळजवळ पावणेतीन पट. ७९ अंशांना तो ठरलेल्या वेगाच्या दहाव्या हिश्शाच्या जवळपास. म्हणजे चार्जिंगने भरलेल्या एका संध्याकाळी शेवटच्या तासात कागदाचे वय ज्या वेगाने सरते, तो घरगुती संध्याकाळच्या सुमारे पंचवीस पट असतो. एकदा ठिसूळ झालेला कागद पुन्हा पूर्ववत होत नाही. तेल गाळता येते, बदलता येते. कागद बदलायचा तर वेटोळीच नव्याने भरावी लागतात.

मात्र हे चित्र रोजचे नाही, आणि ते रोजचे आहे असे समजून केंद्रांना सरसकट नकार देणे चुकीचे ठरेल. चार्जरवरच्या पाटीवर ६० किलोवॅट लिहिलेले असले, तरी गाडी ती वीज शेवटपर्यंत घेत नाही. बॅटरी ८० टक्क्यांच्या पुढे गेली की गाडी स्वतःच प्रवाह कमी करत जाते. दोन गाड्यांच्या मध्ये गन काही मिनिटे रिकामी असते. गजबजलेल्या केंद्राचीही तीन तासांची सरासरी १२० नव्हे, ७५ किलोवॅटच्या आसपास धरता येईल. तेवढ्याने एकूण भार ३३० केव्हीए होतो, म्हणजे क्षमतेच्या थोडा वर, आणि सर्वात गरम जागेचे तापमान शंभरीच्या जवळ. एखाददुसरी संध्याकाळ अशी गेली तर काही बिघडत नाही. बिघडते ते लग्नसराईतल्या शनिवारी आणि सुट्टीच्या आदल्या रात्री. तेव्हा केंद्राबाहेर रांग लागलेली असते आणि प्रत्येक गन भरलेली असते, आणि नेमक्या त्याच रात्री उकाडाही जास्त असतो.

बिघाडाची पहिली खूण बहुतेक वेळा रोहित्राच्या पोटात नाही, बाहेरच दिसते. लघुदाबाच्या बाजूचा फ्यूज उडतो आणि अख्खी गल्ली अंधारात जाते. त्याआधी बुशिंगवरचा किंवा केबलच्या लगचा एखादा ढिला सांधा तापतो. ४२० अँपिअरला जो सांधा कसाबसा टिकत होता, तो ५०७ अँपिअरला काळा पडतो, आणि त्याच्या उष्णतेने बुशिंगखालची रबरी गॅस्केट कडक होऊन तेल झिरपू लागते. रोहित्राच्या अंगावर तेलाचे ओघळ आणि त्यावर बसलेली धूळ दिसली की लाइनमनला बरेच काही समजते. दुसरी खूण ब्रीदरमध्ये असते. तेल तापून फुगते आणि निवून आकसते, तेव्हा रोहित्र ब्रीदरमधून हवा बाहेर सोडते आणि आत घेते. त्या हवेतला ओलावा शोषणारे सिलिका जेलचे निळे दाणे ओले झाले की गुलाबी होतात. रोजचा चढउतार मोठा झाला की हा श्वास मोठा होतो आणि दाणे लवकर गुलाबी पडतात. ते वेळेवर बदलले नाहीत तर ओलावा तेलात उतरतो, आणि ओल्या तेलात कागद आणखी लवकर जीर्ण होतो.

या खुणा दिसेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. टोंग टेस्टर लावून रात्री साडेनऊला तिन्ही फेजचा प्रवाह मोजला तर पंधरा मिनिटांत बरेच चित्र स्पष्ट होते. तिन्ही फेज वेगवेगळे मोजणे महत्त्वाचे, कारण जलद चार्जर तिन्ही फेजवर सारखा भार टाकतो, पण घरे एकेका फेजवर वाटलेली असतात आणि ती वाटणी क्वचितच सारखी असते. सरासरी ७९ टक्के असताना एखादा फेज आधीच ९५ टक्क्यांवर असू शकतो. अशा ठिकाणी केंद्र जोडण्याआधी काही घरे दुसऱ्या फेजवर वळवणे हा सर्वात स्वस्त उपाय आहे. नवे यंत्र लागत नाही, लागते ते एका दुपारचे काम.

चार्जरमुळे विजेच्या लहरीचा आकार बिघडतो आणि त्यामुळेही रोहित्र तापते, अशी तक्रार ऐकू येते. जुन्या पद्धतीच्या साध्या रेक्टिफायरच्या बाबतीत ती खरी आहे. आताच्या चांगल्या चार्जरमध्ये ही विकृती पाच टक्क्यांच्या आत ठेवलेली असते, त्यामुळे मुख्य प्रश्न तो नाही. मुख्य प्रश्न संध्याकाळच्या तीन तासांचा आहे, आणि उपायही त्या तीन तासांपुरताच शोधायला हवा.

त्यातला सर्वात थेट उपाय म्हणजे केंद्राची मर्यादा वेळेनुसार बदलणे. रोहित्रावरचा एकूण भार ३०० केव्हीएच्या वर जाऊ द्यायचा नाही असे ठरले, तर घरांचे २५० वजा जाता केंद्राला ५० केव्हीए उरतात, म्हणजे गाड्यांना मिळणारे साधारण ४६ किलोवॅट. दुपारी घरांचा भार १५० असेल तर केंद्र पूर्ण १२० किलोवॅटने चालू शकते. चार्जर आणि केंद्रचालकाचा सर्व्हर ज्या ओसीपीपी या प्रमाणित भाषेत बोलतात, तिच्यात अशी मर्यादा पाठवण्याची सोय आधीपासून आहे. सर्व्हर `SetChargingProfile` हा संदेश पाठवतो, त्यात कमाल किलोवॅट किंवा अँपिअर आणि ती कोणत्या वेळी लागू आहे हे असते, आणि चार्जर तेवढ्यावर थांबतो. यंत्रसामग्री नवी घ्यावी लागत नाही. मात्र चार्जर हा संदेश खरोखर पाळतो का, हे खरेदीच्या वेळी तपासून घ्यावे लागते.

मर्यादा आली की ती चार गाड्यांत कशी वाटायची हा प्रश्न येतो, आणि इथे सरळ वाटणारा मार्ग चुकीचा निघतो. समजा, चार गाड्यांच्या बॅटऱ्या ४५ किलोवॅट-तासांच्या आहेत आणि प्रत्येकीला २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर जायचे आहे. प्रत्येकीची गरज २७ युनिट, चौघींची १०८ युनिट. ४६ किलोवॅट चौघींत सारखे वाटले तर प्रत्येकीला साडेअकरा किलोवॅट मिळतात आणि चारही गाड्या सुमारे दोन तास वीस मिनिटांनी एकदमच मोकळ्या होतात. तेच ४६ किलोवॅट आधी पहिल्या गाडीला, मग दुसरीला असे दिले, तर पहिली ३५ मिनिटांत, दुसरी ७० मिनिटांत, तिसरी पावणेदोन तासांत आणि चौथी दोन तास वीस मिनिटांत निघते. शेवटच्या गाडीचे काहीच बिघडले नाही, पहिल्या तिघींचा वेळ मात्र वाचला. तरीही बरीच केंद्रे सरसकट समान वाटणी करतात, कारण ती दिसायला न्याय्य वाटते. क्रमाने देण्यात एक बारकावा सांभाळावा लागतो. पुढच्या गाडीचे चार्जिंग ८० टक्क्यांच्या पुढे जाऊन मंदावले, की उरलेले किलोवॅट लगेच मागच्या गाडीकडे वळले पाहिजेत. नाहीतर मर्यादेतलीही वीज वाया जाते.

घरांचा भार क्षणाक्षणाला मोजून केंद्राची मर्यादा ठरवणे ही याच उपायाची पुढची पायरी. कल्पना साधी आहे, अडचण माहितीची आहे. रोहित्रावरचा मीटर वीज कंपनीचा, चार्जरचा सर्व्हर केंद्रचालकाचा. कंपनीचा स्मार्ट मीटर १५ किंवा ३० मिनिटांच्या सरासरीची नोंद करतो, आणि ती नोंद मुख्य यंत्रणेत पोहोचायला आणखी वेळ लागतो. बिल आणि नियोजनासाठी तेवढे पुरते, नियंत्रणासाठी पुरत नाही. म्हणून कंपनीच्या परवानगीने रोहित्राच्या लघुदाब बाजूला स्वतंत्र सीटी बसवून त्याचे आकडे थेट केंद्राच्या नियंत्रकाकडे न्यावे लागतात. हा दुवा तुटला तर काय करायचे, हेही आधी ठरलेले असावे. माहिती येणे थांबले की चार्जरने स्वतःहून ४६ किलोवॅटच्या सुरक्षित मर्यादेवर उतरले पाहिजे. माहिती नाही म्हणून पूर्ण वेगाने चालणारा चार्जर नेमका वाईट रात्रीच घात करतो. हे सगळे जिथे परवडत नाही, तिथे संध्याकाळी सात ते मध्यरात्री ४६ किलोवॅट आणि बाकी वेळ १२० असे ठरावीक वेळापत्रकही बरेच काम करते. ते थोडे जास्तच सावध असते, पण त्याला ना सीटी लागते ना कोणाचा सर्व्हर.

दराने मागणी हलवता येते, हा दुसरा मार्ग. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत सकाळी नऊ ते दुपारी चार या सौर तासांत चार्जिंग केंद्रांना वीज सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट दराने आणि इतर वेळी १.३ पट दराने द्यावी असे सुचवले आहे. टॅक्सी आणि सामान पोचवणाऱ्या गाड्यांचे चालक अशा फरकाला चटकन प्रतिसाद देतात. दुपारच्या जेवणाच्या वेळेला चार्जिंग उरकून घेतात. पण दर ठरतो तो राज्याच्या किंवा देशाच्या एकूण वीजस्थितीवरून. गल्लीतल्या रोहित्राची वाईट वेळ तीच असेल असे नाही. मध्यरात्रीनंतर संपूर्ण राज्यात मागणी उतरलेली असते तेव्हा नागपूरच्या एखाद्या वसाहतीत एसी एक वाजेपर्यंत चालूच असतात. शिवाय स्वस्त दर एका ठरावीक मिनिटाला सुरू होत असेल तर सोसायट्यांच्या वाहनतळांतल्या टायमर लावलेल्या गाड्या त्याच मिनिटाला एकदम सुरू होतात आणि नवा उच्चांक तयार होतो. यावर तोडगा म्हणजे प्रत्येक चार्जरची सुरुवात काही मिनिटे पुढे-मागे करणे. दराचा उपयोग आहे, पण रोहित्राचे रक्षण केवळ दरावर सोपवू नये.

ग्राहकाला थांबवायचे नाही आणि रोहित्रही जपायचे, तर केंद्रातच बॅटरी बसवावी लागते. तिचा आकार ठरवताना बहुतेक जण घाईने हिशेब करतात. १२० वजा ४६ म्हणजे ७४ किलोवॅटची तूट, गुणिले तीन तास, म्हणजे २२२ युनिटची बॅटरी. प्रत्यक्षात तीन तासांची सरासरी मागणी ७५ किलोवॅट, म्हणजे एकूण २२५ युनिट. त्यातली १३८ युनिट रोहित्रातूनच मिळतात. तूट उरते ८७ युनिटची. बॅटरीतले नुकसान आणि ती पूर्ण रिकामी न करण्याची काळजी धरली, तर ११० ते १२० युनिटची बॅटरी पुरते. अर्धीच. नऊ ते चार या स्वस्त सात तासांत ती भरायला १७ किलोवॅट लागतात. तेवढा भार दुपारी रोहित्राला जाणवतही नाही. सुट्टीच्या आदल्या रात्री बॅटरी साडेनऊ-दहालाच संपली तर केंद्र ४६ किलोवॅटच्या मर्यादेवर येते. गाड्या थांबतात, पण फ्यूज उडत नाही. म्हणून बॅटरी असली तरी मर्यादा काढून टाकता येत नाही. छतावरचे सौर पॅनेल दुपारी ही बॅटरी भरायला मदत करते, रात्री साडेनऊला त्याचा थेट उपयोग नाही.

शेवटचा उपाय म्हणजे क्षमता वाढवणे. ३१५ च्या जागी ६३० केव्हीए बसवले की प्रश्न सुटतो असे वाटते, पण रोहित्रासोबत लघुदाबाचे पॅनेल, केबल, फ्यूज आणि सांधेही त्या ताकदीचे हवेत. मोठ्या रोहित्रामुळे शॉर्ट सर्किटच्या वेळचा प्रवाहही वाढतो, तो तोडण्याची कुवत जुन्या पेटीत असेलच असे नाही. शिवाय मोठे रोहित्र भार नसतानाही चोवीस तास जास्त वीज खाते. त्यापेक्षा केंद्राला ११ हजार व्होल्टवरून वेगळे २०० केव्हीएचे रोहित्र देणे पुष्कळदा सरळ पडते, कारण मग केंद्राचा भार घरांच्या वाटेला येत नाही. त्यासाठी जागा लागते, आणि शहरात तीच सर्वात महाग.

कोणता उपाय कधी, हे एका आकड्यावर ठरते. तो आकडा म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत रात्री आठ ते अकरा या वेळात त्या रोहित्रावर घरांचा किती भार असतो. तो २०० केव्हीएच्या आत असेल तर १२० किलोवॅटच्या केंद्राला वेळापत्रकाची मर्यादा पुरेशी आहे. गैरसोय फार जाणवणार नाही. २५० च्या आसपास असेल तर मर्यादेसोबत बॅटरी हवी. २९० च्या वर गेला असेल तर केंद्राला देण्यासारखे संध्याकाळी काहीच उरत नाही, आणि तिथे वेगळ्या रोहित्राशिवाय जोडणी देऊ नये. केंद्र काढू पाहणाऱ्याने जागेचा करार करण्याआधी वीज कंपनीकडे मागावी ती हीच नोंद, तिन्ही फेजची वेगवेगळी. वार्षिक सरासरी किंवा जानेवारीतला आकडा दाखवला तर तो घेऊ नये.